साबणाची फिल्म 100 नॅनोमीटरला उजळ आणि लेन्सचं कोटिंग 100 नॅनोमीटरला डार्क, असं का?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. साबणाच्या फिल्मसाठी पुस्तकात 2nt = mλ म्हणजे डार्क दिलंय आणि लेन्सच्या कोटिंगच्या गणितात 2nt = (m + ½)λ ला डार्क धरलंय. दोन्ही पातळ थरच आहेत ना? मग λ/2 कुठे मिळवायचा आणि कुठे नाही, हे पाठ न करता कसं ओळखायचं?

उत्तर:

फॉर्म्युला बाजूला ठेव आणि थराचे दोन पृष्ठभाग एकेक करून बघ. प्रत्येक पृष्ठभागाला एकच प्रश्न विचारायचा, प्रकाश कमी n मधून येऊन जास्त n वर आपटून परत फिरला का? हो असेल तर त्या परावर्तनात फेज π ने उलटली, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला. नाही असेल तर फेजला काहीच झालं नाही. आता दोन्ही पृष्ठभागांचं उत्तर सारखं आलं (दोन्ही हो किंवा दोन्ही नाही) तर फरक एकमेकांत कटतो, λ/2 विसरून जा. एक हो आणि एक नाही आलं तरच λ/2 धरायचा. जो प्रकाश आरपार जातो त्याची फेज पृष्ठभाग ओलांडताना कधीच उलटत नाही, तो हिशोबात घ्यायचाच नाही.

हे उलटणं कुठून येतं ते एकदा बघून घे म्हणजे डोक्यात बसेल. सरळ आपटणाऱ्या प्रकाशासाठी परावर्तित तरंगाची उंची r = (n₁ − n₂)/(n₁ + n₂) या पटीत असते, n₁ म्हणजे प्रकाश ज्यातून आला ते आणि n₂ म्हणजे ज्यावर आपटला ते. n₂ मोठा असेल तर उत्तर मायनस येतं, तो मायनस म्हणजेच π. वेगळं काही गूढ नाहीये त्यात. आणि r चा वर्ग केला की किती प्रकाश परत आला ते मिळतं, हवेतून साध्या काचेवर (n = 1.52) आपटलं तर 4.26 टक्के.

इथे एक गोष्ट मराठीतून शिकलेल्या पोरांना हमखास नडते म्हणून सांगतो. आपण शाळेत "घन माध्यम" आणि "विरल माध्यम" म्हणतो आणि मग मुलं घनता बघायला लागतात. रस्त्यावरच्या पाण्यावर तेल सांडलंय, तेल पाण्यापेक्षा हलकं आहे म्हणून तरंगतंय, मग ते विरल ना? नाही. प्रकाशाच्या हिशोबात फक्त n बघायचा, तेलाचा साधारण 1.45 आणि पाण्याचा 1.33, म्हणजे तेल हेच घन. वरच्या पृष्ठभागाला हो, खालच्या पृष्ठभागाला नाही, λ/2 धरायचा.

आता मी स्वतः कामावर वापरतो ती युक्ती. मी 20 वर्षांपेक्षा जास्त लेन्स कोटिंगच्या कामात आहे आणि अजूनही नवीन थराचा विचार करताना आधी हेच करतो: मनातल्या मनात थराची जाडी शून्य कर. जाडी शून्य म्हणजे थर नाहीच. मग तिथे काय दिसायला पाहिजे हे तुला फॉर्म्युल्याशिवाय माहीत असतं! साबणाची फिल्म नसेल तर तिथे नुसती हवा आहे, हवेतून हवेत परावर्तन होत नाही, म्हणजे अंधार. लेन्सवर कोटिंग नसेल तर नुसती काच आहे, ती तिचे 4.26 टक्के परत देणारच, म्हणजे उजेड.

पुढची पायरी अशी की 2nt = mλ याचा अर्थ आतल्या तरंगाने जाऊन-येऊन पूर्ण तरंगलांब्या चालल्या, आणि पूर्ण तरंगलांबी चालणं म्हणजे न चालल्यासारखंच. म्हणून त्या λ ला 2nt = mλ वर थर नसल्यासारखा वागतो, आणि हे साबण, लेन्स, तेल सगळ्यांना लागू आहे. 2nt = (m + ½)λ वर याच्या बरोबर उलटं होतं. तुझ्या पुस्तकातले दोन नियम भांडतायत असं तुला वाटतंय पण ते एकच आहेत, फक्त "थर नसताना काय दिसतं" हे दोन्हीकडे वेगळं आहे म्हणून डार्क आणि ब्राइट या शब्दांची अदलाबदल झालीये.

आधी साबण घे, आणि हे वाचत बसण्यापेक्षा करून बघ. एक जुनी बांगडी घे, भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी कर, त्यात थोडं ग्लिसरीन टाक, बांगडी बुडवून उभी धर. मागे काळं कापड आणि उजेड तुझ्या पाठीमागच्या खिडकीतून यायला हवा म्हणजे फिल्मवरचं परावर्तन दिसेल. सुरुवातीला फारसे रंग दिसणार नाहीत कारण फिल्म जाड असते, त्या जाडीत एकाच वेळी बऱ्याच तरंगलांब्या उजळ असतात आणि सगळं मिसळून पांढुरकं दिसतं. मग पाणी खाली ओघळतं, वरची बाजू पातळ होत जाते आणि आडवे पट्टे येतात, फिकट हिरवे-गुलाबी, मग जास्त गडद. जरा धीर धरला तर सगळ्यात वर एक चंदेरी पट्टा येतो आणि त्याच्याही वर एकदम काळा. नवख्याला वाटतं तिथे फिल्म फाटलीये. फाटली असती तर पूर्ण फुटली असती, ती तिथे आहेच, फक्त प्रकाश परत देत नाहीये.

तो काळा भाग म्हणजे आपली "जाडी शून्य" वाली कल्पना प्रत्यक्षात समोर उभी आहे. हवेतून साबणाच्या पाण्यावर (n = 1.33) आपटणारा तरंग उलटतो, आत जाऊन मागच्या हवेच्या पृष्ठभागावरून येणारा उलटत नाही, दोघांची उंची सारखीच, आणि फिल्म इतकी पातळ की आत चाललेलं अंतर नगण्य. एक वर एक खाली, बेरीज जवळपास शून्य. हिशोब केला तर एकट्या पृष्ठभागावरून 2 टक्के परत येतात, पण 10 नॅनोमीटर जाडीच्या पूर्ण फिल्मवरून 0.2 टक्क्याच्या आसपासच येतात.

आता त्याच्या खालचा चंदेरी पट्टा, माझ्या मते खरी मजा त्याच्यात आहे. तिथे जाडी साधारण 103 नॅनोमीटर असते. हिरव्या 550 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी 550/(4 × 1.33) करून बघ, हेच येतं. 2nt अर्धी तरंगलांबी झाली, त्यात उलटण्याची अर्धी मिळाली, एकूण पूर्ण एक, दोन्ही तरंग हातात हात घालून येतात आणि 2 टक्क्यांऐवजी 8 टक्क्यांच्या जवळ प्रकाश परत येतो. (उंची दुप्पट झाली की प्रकाश चौपट, हे लक्षात ठेव, पोरं इथे दुप्पट लिहितात.) मग तो हिरवा का नाही दिसत, चंदेरी का? कारण एवढ्या पातळ थरात शिखर फार पसरट असतं, 103 नॅनोमीटरला निळा आणि लालसुद्धा त्यांच्या कमाल परावर्तनाच्या 70 ते 90 टक्के परत येतात. सगळेच रंग आले की पांढरं. गडद रंग दिसायला थर थोडा जाड लागतो, म्हणजे एखादा रंग पूर्ण मरतो आणि बाकीचे उरतात. 207 नॅनोमीटरला हिरव्यासाठी 2nt बरोबर एक λ होतो, हिरवा जातो आणि फिल्म जांभळट दिसते. हा जांभळा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता लेन्स. जेनाच्या झाइस कंपनीत स्मकुला यांनी 1935 मध्ये व्हॅक्यूममध्ये लेन्सवर असा पातळ थर चढवायची पद्धत काढली, आणि एका थराचं साधं कोटिंग आजही त्याच तत्त्वावर होतं. मटेरियल मॅग्नेशियम फ्लोराइड, n = 1.38. वरचा पृष्ठभाग हवेतून 1.38 वर, हो. खालचा पृष्ठभाग 1.38 मधून 1.52 च्या काचेवर, तोही हो. दोन्ही उलटले, λ/2 कटला. आता दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायचं असेल तर अर्धी तरंगलांबी आपल्यालाच चालवून आणावी लागणार, 2nt = λ/2, म्हणून t = 550/(4 × 1.38) = जवळपास 100 नॅनोमीटर.

म्हणजे बघ, साबणाच्या फिल्ममध्ये 103 नॅनोमीटरला सगळ्यात जास्त उजेड आणि लेन्सवर 100 नॅनोमीटरला सगळ्यात कमी. जाडी जवळपास तीच, n पण जवळपास तोच. फरक फक्त थराच्या मागे हवा आहे का काच, एवढाच.

जाडी शून्यची परीक्षा इथेही लावून बघ, आकड्यांनी मस्त जुळते. हवा-कोटिंग पृष्ठभागाची r ची किंमत 0.160, कोटिंग-काच पृष्ठभागाची 0.048, दोघांचं चिन्ह एकच. जाडी शून्य केली तर बेरीज 0.208, आणि नुसत्या काचेची r येते 0.206. जवळजवळ तेच, म्हणजे थर नाहीसा झाला की काच परत मिळाली. समजा तू चुकून इथे λ/2 धरलास, तर शून्य जाडीला वजाबाकी होऊन 0.112 येईल, म्हणजे नसलेल्या कोटिंगने परावर्तन कमी केलं असं उत्तर येईल. असं उत्तर आलं की लगेच कळतं कुठेतरी घोळ झालाय.

तीच वजाबाकी मात्र 100 नॅनोमीटरला खरी होते. 0.160 वजा 0.048 म्हणजे 0.112, वर्ग केला की 1.26 टक्के. शून्य का नाही येत असं विचारशील. दोन तरंग विरुद्ध आहेत पण सारख्या उंचीचे नाहीत म्हणून. पूर्ण कटायला कोटिंगचा n काचेच्या n चं वर्गमूळ असायला हवा, √1.52 म्हणजे 1.23, आणि एवढ्या कमी n चा, पुसला तरी टिकेल असा घट्ट पदार्थ आमच्याकडे नाही. मॅग्नेशियम फ्लोराइड त्यातल्या त्यात जवळचा आणि टणक, म्हणून तो. गंमत म्हणजे जड फ्लिंट काचेवर (n = 1.75) हेच कोटिंग जास्त चांगलं चालतं, 7.4 टक्क्यांवरून थेट 0.2 टक्क्यांच्या आसपास, कारण √1.75 = 1.32 हे 1.38 च्या जवळ आहे. साध्या काचेवर 4.26 चे 1.26 झाले हे ऐकायला कमी वाटतं पण पाच लेन्सच्या कॅमेऱ्यात दहा पृष्ठभाग असतात, बिनकोटिंगचे दहा ओलांडून 65 टक्के प्रकाश पोचतो आणि कोटिंगवाले दहा ओलांडून 88 टक्के.

आता तो जांभळा. आमच्याकडे चेंबरमधून लेन्स बाहेर आल्या की पहिली तपासणी डोळ्यानेच होते. लेन्स ट्यूबलाइटखाली धरायची, ट्यूबच्या दोन प्रतिमा दिसतात, पुढच्या पृष्ठभागाची आणि मागच्याची, बहिर्वक्र लेन्स असेल तर एक सुलटी आणि एक उलटी. दोन्हींचा रंग बघायचा. हिरवा मारलाय, म्हणून उरलेला निळा आणि लाल मिळून जांभळट छटा यायला पाहिजे, अगदी फिकट. निळी झाक जास्त असेल तर थर जाड झालाय, कारण कमीत कमी परावर्तनाची जागा लालकडे सरकली. तपकिरी-पिवळट दिसली तर थर पातळ राहिलाय. चेंबरमध्ये जाडी क्वार्ट्झ क्रिस्टल मोजतो पण क्रिस्टल एका जागी आणि लेन्स दुसऱ्या जागी, दोघांवर थर सारखा बसत नाही, म्हणून प्रत्येक बॅचला मागून काळी केलेली एक टेस्ट काच ठेवतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तिचा सगळ्यात खालचा बिंदू कुठे पडला ते बघतो. 550 ऐवजी 620 ला पडला तर थर 112 नॅनोमीटर झालाय असं लगेच कळतं, डोळ्याला तोच फरक निळा दिसतो.

रंग बघताना लेन्स सरळ समोर धरायची, तिरकी नाही. हे नवीन पोरांना दहादा सांगावं लागतं. तिरक्या प्रकाशासाठी 2nt च्या जागी 2nt cosθ येतो, θ हा थराच्या आतला कोन. बाहेर 45° असेल तर आत cosθ = 0.86 होतो आणि खालचा बिंदू 550 वरून 472 ला सरकतो, म्हणजे निळा मरतो आणि छटा लालसर होते. बऱ्याच जणांना उलटं वाटतं, की तिरकं गेलं म्हणजे रस्ता लांबला मग तरंगलांबी वाढायला पाहिजे. थरातला रस्ता लांबतो हे खरं आहे, पण पहिला तरंगही तेवढ्या वेळात बाहेर बाजूला पुढे गेलेला असतो, ते वजा केलं की फरक कमीच भरतो. बांगडीची फिल्म तिरकी करून बघ, रंग पातळ फिल्मच्या दिशेने सरकताना दिसतील.

पृष्ठभाग न मोजता "कोटिंग म्हणजे परावर्तन कमी" असं धरून चाललं तर काय होतं त्याचा एक अनुभव सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी जिथे कामाला होतो तिथे जोडलेंस बनायच्या, म्हणजे दोन काचा ऑप्टिकल सिमेंटने चिकटवलेल्या. कोटिंग फक्त बाहेरच्या दोन बाजूंना करायचं असतं. एका बॅचला ट्रेमध्ये लेन्स उलट्या लागल्या आणि चिकटवायच्या बाजूलाही मॅग्नेशियम फ्लोराइड चढलं. कुणाच्या तरी लक्षात आलं पण म्हणाले जाऊ दे, कोटिंग आहे, फायदाच होईल, आणि चिकटवून टाकलं. जोडणी झाल्यावर ट्यूबलाइटखाली धरलं तर बाहेरच्या दोन जांभळ्या प्रतिमांच्या मध्ये एक तिसरी, चांगली ठळक पांढुरकी प्रतिमा दिसायला लागली, जी तिथे दिसायलाच नको होती.

कारण मोजून बघ. काच 1.52, कोटिंग 1.38, सिमेंट 1.56. पहिला पृष्ठभाग 1.52 कडून 1.38 वर, नाही. दुसरा 1.38 कडून 1.56 वर, हो. एक हो एक नाही! हे लेन्सचं कोटिंग राहिलंच नाही, ही साबणाची फिल्म झाली, फक्त दोन्ही बाजूंना हवेच्या ऐवजी काच. जाडी शून्यला काय होतं बघ, 1.52 ची काच थेट 1.56 च्या सिमेंटला लागते, परावर्तन फक्त 0.017 टक्के, म्हणजे नाहीच म्हण. आणि 100 नॅनोमीटरला त्याच्या उलटं, 0.048 आणि 0.061 ची बेरीज 0.109, वर्ग 1.2 टक्के. कोटिंगने परावर्तन सत्तरपट वाढवलं. ती प्रतिमा पांढुरकी का होती तेही आता कळेल, बांगडीवरच्या चंदेरी पट्ट्याचं तेच कारण, शिखर पसरट. बॅच सगळी सिमेंट सोडवून, थर पॉलिश करून काढून पुन्हा करावी लागली, आणि तेव्हापासून मी कागदावर तीन n एका ओळीत लिहिल्याशिवाय चेंबरचं दार लावत नाही.

तू पण गणितात तेच कर, तीन n ओळीत लिही: 1, 1.33, 1 किंवा 1, 1.38, 1.52 किंवा 1.52, 1.38, 1.56. आकडे एकाच दिशेने चढत किंवा उतरत गेले तर λ/2 नाही, मधला आकडा सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात छोटा असेल तर λ/2 धरायचा. परीक्षेत फसवायला टायटॅनियम डायऑक्साइडसारखा थर देतात, n साधारण 2.3, काचेवर. ओळ होते 1, 2.3, 1.52, मधला मोठा, λ/2 धरायचा, आणि λ/4n जाडीला म्हणजे 60 नॅनोमीटरला काचेचं परावर्तन 4 टक्क्यांवरून 30 टक्क्यांच्या आसपास जातं. तो थर आम्ही मुद्दाम चढवतो, जिथे अर्धवट आरसा हवा असतो तिथे.